विंगेकडे पाहीन तेव्हाच

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी एक छोटं नाटक होतं. ते मी लिहिते, मीच बसवते आणि त्यातली सगळ्यात मोठी भूमिकाही मीच करते, कारण लोकशाही सोसायटीच्या मीटिंगमध्ये असावी, रंगमंचावर नसावी, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रॉम्प्टर मात्र कायम माझी मैत्रीण. विंगेत, म्हणजे आमच्याकडे जिन्याखाली टांगलेल्या दोन चादरींच्या मागे, स्टुलावर बसायचं, हातात संहिता धरायची आणि कोणी वाक्य विसरलं की हळूच द्यायचं, एवढंच काम. या कामाला तिच्याइतकी नालायक बाई नेरूळमध्ये तरी दुसरी नाही. हे मी तिला वाचून दाखवलंय. ती म्हणाली, "नेरूळच का, वाशीपर्यंत घे."

तिची अडचण अशी की तिला पॉज सहन होत नाही. आणि माझी तर सगळी कलाच पॉजमध्ये. एका वर्षी मी खाष्ट सासू झाले होते. सुनेने दिलेला कप उचलायचा, एक घोट घ्यायचा, कप सावकाश खाली ठेवायचा, सुनेकडे बघायचं, प्रेक्षकांकडे बघायचं आणि मग म्हणायचं, "चहा छान झालाय." बस. त्या शांततेत पार्किंगमधल्या खुर्च्यांवर बसलेली सगळी बिल्डिंग माझ्या मुठीत येणार होती. मी कप ठेवला, सुनेकडे बघितलं, आणि चादरीमागून खणखणीत आवाज आला, "चहा छान झालाय!" लोक खुर्च्यांवरून खाली यायचे राहिले. सून तोंडावर हात धरून आत पळाली.

"अगं, तू अडकलीस असं वाटलं," ती नंतर म्हणाली. "आणि रागावू नकोस हं, पण एवढा वेळ घेतलास तर चहा खरंच गार होतो."

"रागावू नकोस हं, पण." हे तिचं पालुपद. पनवेलच्या पलीकडे खाडीकाठच्या एका गावातलं तिचं माहेर, वडील तांदळाचे व्यापारी, पाच बहिणींत ही थोरली. इथे नेरूळमध्ये तिचं आणि तिच्या नवऱ्याचं औषधाचं दुकान आहे. आमच्या दोघींची मुलं एकाच शाळेत होती, तेव्हा शाळेच्या गेटवर ओळख झाली. पहिल्याच दिवशी तिने माझ्या मुलाचा डबा बघून सांगितलं की पोळीचा रोल गुंडाळताना फॉइलची टोकं आत दुमडावीत. मी दुमडली. तिथपासून आजपर्यंत ती सांगतेय आणि मी दुमडतेय.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? एकेक घेतलं तर खरंच काही नव्हतं. पोह्यातले शेंगदाणे आधी तळून बाजूला काढ. हा निळा रंग तुला मोठं दाखवतो. मुलाला इतका मोबाइल देऊ नकोस. पडदे धुवायला टाकलेस? मग रॉड पण पुसून घे. यातलं काहीही चूक नव्हतं, हाच तर वैताग. शेंगदाणे आधी काढले की खरोखर कुरकुरीत राहतात! पण तिच्याबरोबर तलावाकाठच्या ट्रॅकवर सकाळची फेरी मारून घरी आले की मला आरशात एक बाई दिसायची, जिला पोहे येत नाहीत, रंग कळत नाही आणि जिचे पडद्याचे रॉड आतून काळे आहेत.

माझ्या नवऱ्याचा उपाय सोपा होता. "एका कानाने ऐक, दुसऱ्याने सोड." पंचवीस वर्षं तो माझ्यावर हाच प्रयोग करतोय, त्यामुळे त्याचा हात त्यात बसलाय. मला जमेना.

वाईट गोष्टी मैत्रिणीपासून लपवणं मला समजतं. माणूस लाजतो. पण मी चांगल्या गोष्टी लपवायला लागले, तेव्हा माझं मलाच दचकायला झालं. कॉलेजात लायब्ररीतलं माझं प्रमोशन मी तिला सांगितलंच नाही, कारण ती म्हणाली असती, "आता तरी वेळेवर निघ." आणि मग त्या उन्हाळ्यात मी गाडी शिकायला लागले, तेही तिला न सांगता.

हे किती मोठं पाप होतं ते सांगते. ती गेली वीस वर्षं गाडी चालवतेय. कंटेनरांच्या मधून उरण फाट्यावरून ती अशी निघते की ट्रकवाले तिला वाट देतात. रविवारी मासळीला जायचं तर तिच्या गाडीतून, माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तर तिच्या गाडीतून. मी आयुष्यभर तिच्या डाव्या हाताला बसलेले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी स्टिअरिंग हातात घेतलं, क्लच सोडला, गाडी हुंदका देऊन हलली आणि पाम बीच रोडवर सकाळी सकाळी मी, स्वतः, एकटी (शेजारी मास्तर होते, पण ते मोजायचे नाहीत) दुसऱ्या गिअरमध्ये उडत होते! जगात ही बातमी ऐकून सगळ्यात जास्त नाचली असती अशी एकच बाई होती. आणि मी तिला "आज पाठ धरलीय, फेरीला येत नाही" असा मेसेज टाकून क्लासला जात होते.

कारण मला माहीत होतं, ती आधी नाचली असती आणि लगेच म्हणाली असती, "रागावू नकोस हं, पण हात असा नाही धरायचा."

म्हणजे आता काहीतरी करायला हवं होतं. सरळ तोंडावर बोलायला हवं होतं, हे मला दिसत होतं. पण सरळ बोलायची आपल्याकडे पद्धत कुठे आहे? आपल्याकडे लेकी बोले सुने लागे. मी तर हाताशी रंगमंच असलेली बाई. मी त्या गणपतीला जे नाटक लिहिलं त्यात एक सल्लागार मावशी घातली. ही मावशी लग्नात नवरीला हार कसा घालायचा ते सांगते, भटजींना मंत्र कुठे संपवायचा ते सांगते, शेवटी चोर शिरतो तर त्याला कपाट कुठल्या बाजूने ढकलल्यास आवाज होणार नाही हेही सांगते. मावशीच्या तोंडी मी तिचंच पालुपद घातलं होतं, शब्दाला शब्द. मैत्रीण विंगेत बसून ते वाचणार, पहिल्याच तालमीला गप्प होणार, मग माझ्याकडे येऊन ओल्या डोळ्यांनी म्हणणार, "मी अशी आहे का गं?" हा प्रवेश मी मनात इतक्यांदा बसवला होता की त्यातले पॉजसुद्धा ठरले होते.

पहिल्या तालमीला ती पोट धरधरून हसली.

"आईशपथ! ही आमची थोरली चुलती आहे. हुबेहूब! तुला कुठे भेटली?"

मी म्हटलं, "नीट बघ. आणखी कोणासारखी नाही वाटत?"

"वाटते ना," ती आवाज खाली आणून म्हणाली, "पण नाव नाही घेत. तिसरा मजला." आणि पुढे, "रागावू नकोस हं, पण मावशीला चष्मा दे. चष्मा खाली ओढून सल्ला दिला की जास्त लागतो."

मी चष्मा दिला. खरंच जास्त लागला. फक्त लागला भलतीकडे. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका काकू चष्मा वापरतात, आणि तो खाली ओढूनच बोलतात. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा डबा परत पाठवला. मी त्यातून त्यांना नारळाच्या वड्या दिल्या होत्या. डबा घासलेला, पुसलेला, लखलखीत, आणि रिकामा. आत साखरेचा दाणा नाही. मराठी घरात रिकामा डबा परत येणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. मी तो डबा हातात घेऊन दारात उभी राहिले आणि मला जन्मात पहिल्यांदा माझ्या लेखणीची ताकद कळली.

काकूंकडे मी त्याच संध्याकाळी गेले, डब्यात ताज्या वड्या भरून. "काकू, ते तुमच्यावर नव्हतं हो."

काकूंनी चष्मा खाली ओढला. "माझ्यावर असतं तरी माझी हरकत नव्हती. पण मग माझी भूमिका स्वतः न करता अभिनय येणाऱ्या बाईला द्यायची होतीस." मग वडी तोंडात टाकून म्हणाल्या, "कोणावर होतं?"

मी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "मग जिच्यावर आहे तिला जाऊन सांग. माझ्या घरी कशाला आलीस?"

मी मान डोलावली, घरी आले आणि अर्थातच काही केलं नाही. लायसन्सची परीक्षा जवळ आली होती. म्हटलं, ते होऊ दे.

पण सीवूड्सच्या मॉलजवळच्या सिग्नलला नियतीने एंट्री घेतली. मी एल बोर्डाच्या गाडीत, हात स्टिअरिंगवर घड्याळातल्या दहा-दोनच्या जागी, छाती अभिमानाने पुढे. शेजारच्या लेनमध्ये एक ओळखीची पांढरी गाडी येऊन थांबली. ती! मी काय करावं? कोणीही शहाणी बाई हसून हात करते. मी स्टिअरिंगखाली वाकले. पाय क्लचवरून सुटला, गाडीने उडी मारली आणि बंद पडली.

"मॅडम, काही पडलं का?" मास्तरांनी विचारलं.

"मी," मी खालून म्हटलं.

वर आले तेव्हा तिने काच खाली केलेली होती. ती माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे, एल बोर्डाकडे, मास्तरांकडे. आणि तिच्या तोंडून पहिले शब्द काय निघावेत?

"सीट पुढे घे!"

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न सुरू झाले. तिचा चेहरा मात्र तिचं वाक्य संपल्यावर बदलला. तिला तेव्हा कळलं की तिने काय पाहिलं. ती निघून गेली. सीट खरोखर पुढे घ्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी ती फेरीला आली नाही. पाठ धरल्याचा मेसेज आला. माझाच मेसेज, माझेच शब्द! म्हणजे तिला सगळंच कळलं होतं.

दुपारी तिचं दुकान बंद असतं. शटर अर्धं खाली ओढून ती आत हिशेब बघते. मी वाकून आत गेले. ती खोक्यांच्या मधल्या स्टुलावर बसली होती. दुसरं स्टूल तिने पायाने माझ्याकडे सरकवलं. मी बाथरूमच्या आरशासमोर पाठ करून आलेलं भाषण सुरू केलं. ते असं सुरू होत होतं: "तू नेहमी."

चूक! हे दोन शब्द उच्चारले की समोरचा माणूस वकील होतो. मी म्हटलं, "तू नेहमी मला प्रत्येक गोष्टीत सांगत असतेस."

"नेहमी? परवा तुझ्या मुलाने केस वाढवले, मी काही बोलले?"

"बोललीस."

"ते त्याला बोलले, तुला नाही. आणि मी वाईटासाठी सांगते का? आईच्या ऑपरेशनच्या वेळी थेंब किती वेळाने घालायचे हे मी सांगितलं नसतं तर? तेव्हा बरं चालत होतं."

"तेव्हा मी विचारलं होतं!"

"मग आता काय, तोंडाला कुलूप लावू? जिवाभावाची समजून बोलते गं. परक्या बाईचे रॉड काळे असले तर मला काय पडलंय?"

खरं होतं ते. तेवढ्यात शटरखालून एक माणूस वाकून आत डोकावला. "मॅडम, खोकल्यावर काहीतरी द्या ना."

ती उठली. "कोरडा आहे का कफ पडतो?" तो म्हणाला, कफ. "ताप?" नाही. "किती दिवस झाले?" तो म्हणाला, बरेच झाले, गावाहून आल्यापासून. "दुसरी काही औषधं चालू आहेत? बीपी, शुगर?" तिने सगळं ऐकून घेतलं, मान तिरकी करून, घाई न करता. मग शांतपणे म्हणाली, "एवढे दिवस आहे तर बाटली देत नाही मी. डॉक्टरला दाखवा. समोर दवाखाना उघडेल पाच वाजता." तो बरं म्हणून गेला.

ती परत स्टुलावर बसली आणि मला कळलं की भाषण फेकून द्यायचं.

"त्याला तू चार प्रश्न विचारलेस," मी म्हटलं. "मला एकही विचारत नाहीस. तो तुझ्या काउंटरवर आला होता. मी पोहे घेऊन आलेली असते गं, मी आजारी नसते."



मी एकच प्रसंग काढला, सगळे नाही. "तो निळा रंग मला मोठं दाखवतो म्हणालीस. ती साडी मी पहिल्यांदा नेसले होते. आईने दिलेली. मी तुझ्याकडे दाखवायला आले होते. तू जे म्हणालीस ते खरं असेल. पण मला ऐकू आलं की मी नापास. आणि असं रोज ऐकू येतं. तुझ्या मनात माया असते हे मला माहीत आहे, पण माझ्यापर्यंत येईस्तोवर तिची परीक्षा होते. म्हणून मी तुला सांगणं बंद केलं. प्रमोशन नाही सांगितलं. गाडी नाही सांगितली. आणि गाडीचं तर मला सगळ्यात आधी तुलाच सांगायचं होतं."

इथे मी एक पॉज घेतला. नाटकी नव्हता, खरा होता. आणि माझ्या मैत्रिणीने वीस वर्षांत पहिल्यांदा माझा पॉज भरला नाही.

तिने विचारलं, "किती दिवस शिकतेयस?"

"उन्हाळ्यापासून."

"म्हणजे पाठ धरली नव्हती कधीच."

"नाही."

"मी तुला दोनदा मलम पाठवलं," ती म्हणाली, आणि मला तेव्हा खरी शरम वाटली. मग ती म्हणाली, "आमच्याकडे कोणी कोणाला 'जपून जा' म्हणत नाही. अम्मी म्हणते, डाव्या बाजूने जा, कुत्रं आहे. तेच आमचं जपून जा. मला दुसरं बोलताच येत नाही गं. मी काय बोलू मग?"

मी म्हटलं, मला तरी कुठे माहीत आहे. आम्ही दोघी चहा प्यायलो. गोड जरा जास्त होता, पण ती काही बोलली नाही, आणि मीही नाही.

आता इथे पडदा पडायला हवा होता. पण माझ्या मैत्रिणीने या सुधारणेचं काम स्वतःकडे घेतलं आणि पुढचे कित्येक दिवस तिने असं मौन पाळलं की त्यापेक्षा सल्ले बरे. मी कुडता घालून गेले की ती माझ्याकडे बघायची, ओठ मिटायची, आकाशाकडे बघायची. "काय गं?" "काही नाही. मी काही बोलले का?" माझ्या मेसेजला अंगठा यायचा. मी लायसन्स मिळाल्याचा फोटो पाठवला, त्यालाही अंगठा! एकदा मी तिच्यासमोर फोडणीत आधी कांदा आणि मग मोहरी टाकली, मुद्दाम, निव्वळ खोडी म्हणून. तिने ओट्याचा काठ दोन्ही हातांनी धरला. तिच्या मानेची शीर उडत होती. पण शब्द नाही!

मी गॅस बंद केला. "ऐक. हे तुझं गप्प बसणं मला पायऱ्यांपर्यंत ऐकू येतं."

"बोलले तर परीक्षा, गप्प बसले तर ऐकू येतं," ती चिडली. "मी करू तरी काय? सांग, आता मी विचारतेय!"

तिने विचारलं तेव्हा मला सुचलं. अगदी त्या क्षणी, करपलेल्या कांद्यासमोर. "तू प्रॉम्प्टर आहेस ना?"

"नालायक. तूच म्हणतेस."

"चांगला प्रॉम्प्टर काय करतो? संहितेत बघत नाही, नटाच्या डोळ्यांत बघतो. पॉज घेतलेला नट प्रेक्षकांकडे बघतो. विसरलेला नट विंगेकडे बघतो. डोळा असा डावीकडे जातो, एवढासा. तेव्हा वाक्य द्यायचं. तेही सगळं नाही, पहिला शब्द."

ती विचारात पडली. "आणि नट विंगेकडे बघेपर्यंत?"

"नाटक बघायचं. तुला फुकट तिकीट आहे."

"आणि समोरून ट्रक आला तर? तुझं लक्ष नसेल तर?"

"मंडपाला आग लागली तर प्रॉम्प्टर बोंब मारतोच. त्याला परवानगी लागत नाही."

"शेंगदाणे म्हणजे आग नाही," ती हळूहळू म्हणाली.

"शेंगदाणे म्हणजे आग नाही."

"आणि मोहरी?"

"मोहरीचं मी मुद्दाम केलं."

तिने मला ओट्यावरच्या डावाने मारलं. खरोखर मारलं. मग इतकी हसली की तिला खुर्ची लागली.

तिची अम्मी आजारातून उठली होती आणि तिला भेटायला जायचं होतं. मी म्हटलं, माझ्या गाडीतून जाऊ. म्हणजे नवऱ्याची गाडी, पण त्या दिवशी माझी. ती डावीकडे बसली. बेल्ट लावला. मग दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली, जणू हात सुटले तर तेच बोलतील. मी हसले नाही. कोण किती मेहनत घेतंय ते दिसत होतं.

बेलापूर ओलांडेपर्यंत तिने तीनदा श्वास आत घेतला आणि सोडला. एकदा उजव्या पायाने तिच्या बाजूचा, अस्तित्वात नसलेला ब्रेक दाबला. मग ती मला तिच्या लहानपणाचं सांगायला लागली. खाडीला भरती आली की पाचही बहिणी बांधावर कशा बसायच्या, आणि बुडू नका म्हणून ही थोरली सगळ्यांच्या वेण्या एकमेकींना कशी बांधून ठेवायची. हे मला ठाऊकच नव्हतं. एवढ्या वर्षांच्या फेऱ्यांमध्ये माझे पोहे आणि माझे रॉड एवढी जागा अडवून होते की तिच्या गोष्टीला जागाच मिळाली नव्हती.

पुढे एका उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिक थांबलं. पुढे टेम्पो. मागे कंटेनर, असा जवळ की आरशात नुसता त्याचा बंपर. मास्तरांनी चढावर गाडी कशी काढायची ते शिकवलं होतं, पण मास्तर आता नव्हते आणि त्यांच्या पायाखालचं ते दुसरं ब्रेकचं पेडलही नव्हतं. टेम्पो हलला. मी ब्रेकवरून पाय उचलला आणि गाडी मागे घसरली. मी परत ब्रेक दाबला. कंटेनरवाल्याने हॉर्न दिला, असा की दात हलले. माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. खरंखुरं, नाटकी नाही.

माझा डोळा डावीकडे गेला.

ती माझ्याकडेच बघत होती. वाटच बघत होती, पण घाई नव्हती तिच्या चेहऱ्यावर. खोकल्यावर औषध मागणाऱ्या त्या माणसाकडे बघत होती तशी.

"हँडब्रेक," ती हळू म्हणाली.

एवढंच. पहिला शब्द. बाकीचं मला आपोआप आठवलं. हँडब्रेक ओढला, क्लच अर्ध्यावर आणला, गाडी थरथरली, थोडा अ‍ॅक्सिलरेटर, हँडब्रेक खाली, आणि आम्ही वर चढलो, चढलो आणि पुलाच्या माथ्यावर आलो. मी काच खाली करून मागच्या कंटेनरला रंगमंचावरून करतात तसा नमस्कार केला. तिने टाळ्या वाजवल्या. हात मोकळे झाले होते तिचे.

"बोलू एक?" ती म्हणाली.

मी विचार केला. "नको. घरी पोचल्यावर."

"बरं," ती म्हणाली, आणि खरंच गप्प राहिली. ते गप्प बसणं मला ऐकू आलं नाही. (तिला काय बोलायचं होतं ते मी पोचल्यावर विचारलं. मी सगळा रस्ता इंडिकेटर चालू ठेवून आले होते.)

तिचं माहेर खाडीच्या अलीकडे, दारात चिंच. अम्मी ओसरीवर उशी टेकून बसली होती. आम्ही गाडीतून उतरतो न उतरतो तोच सुरू झाली. "काच जराशी उगडी ठेव गो, तापंल गाडी. चिंचंखाली कशाला लावलीस, कावळे बसतान." मग लेकीकडे वळली. "केस कशाला कापलंस? सुकलीस किती! दुकान एवढा वेळ उगडा ठेवतंस, पोराच्या लग्नाचा बघत नाय कोन. आनि ही ओढनी, हा रंग तुला बरा दिसत नाय, काली दिसतंस."

माझी मैत्रीण उभीच राहिली. काखेत पिशवी, पिशवीत अम्मीसाठी स्वतः दुकानातून निवडून आणलेली औषधं, आणि एक हात अंगावरची नवी कोरी ओढणी नीट करत. काहीतरी बोलायचं होतं तिला. तोंड उघडलं, मिटलं. आणि तिचा डोळा, एवढासा, डावीकडे गेला. माझ्याकडे.

मी विंगेत होते. चिंचेखाली, चावी हातात, टाचा उंचावून. मी हळूच पहिला शब्द दिला.

"रागावू..."

"रागावू नकोस हं, अम्मी," ती म्हणाली आणि ओसरीची पायरी चढून आईच्या पायाशी बसली, "पण आधी विचार ना, कशी आलीस."

अम्मीने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बराच मोठा पॉज घेतला. काय पॉज होता! मी असा जन्मात घेतला नसेल. चिंचेवरचा कावळाही थांबला.

"बरं," अम्मी म्हणाली. "कशी आलीस?"

"ही घेऊन आली," मैत्रिणीने माझ्याकडे बोट दाखवलं. "गाडी चालवत. एकटी."

अम्मीने मला वर बोलावलं, माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि तोंड उघडलं. मैत्रिणीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. अम्मीने तोंड मिटलं, माझे हात एकदा दाबले आणि आत हाक मारली की घावनं टाका.